पंधरा हजारांचं प्रकरण दहा हजारांत

प्रबंध लिहिणाऱ्याला शब्दमर्यादा पहिल्या दिवसापासून माहीत असते, पण तिच्याशी खरी गाठ पडते ती शेवटच्या वर्षी. ब्रिटनमधल्या अनेक विद्यापीठांत इतिहास, साहित्य अशा विषयांच्या पीएच.डी. प्रबंधाला 80,000 ते 1,00,000 शब्दांची कमाल मर्यादा असते आणि ती पाळावीच लागते. आपल्याकडे ही मर्यादा कुठे विद्यापीठ घालतं, कुठे मार्गदर्शक. मर्यादा कुणीही घातलेली असो, सगळी प्रकरणं एकत्र ठेवून बेरीज केली की एखादं प्रकरण ठरल्यापेक्षा दीडपट झालेलं निघतं. बहुतेक वेळा ते संशोधकाचं सगळ्यात लाडकं प्रकरण असतं, कारण सगळ्यात जास्त कागद त्यासाठीच चाळलेले असतात.

असं प्रकरण एक तृतीयांशाने कमी करायचं आणि तरी त्यातला युक्तिवाद शाबूत ठेवायचा, हे काम कसं होतं ते एका उदाहरणावरून पाहू. समजा, प्रबंध एकोणिसाव्या शतकातल्या दख्खनच्या शेतीकर्जावर आहे आणि त्यातलं एक प्रकरण 1875 च्या दंग्यांवर आहे. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे या बाजारगावी शेतकऱ्यांनी गुजर सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर हल्ला केला, वह्या आणि रोखे जाळले. मग हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या इतर गावांत पसरलं. मार्गदर्शकांनी प्रकरणाला 10,000 शब्द दिले होते. ते भरलं आहे 15,000.

अशा वेळी बहुतेक जण पहिल्या पानापासून वाक्यं कापत निघतात. इथलं एक विशेषण काढ, तिथली दोन वाक्यं जोड, एखादं ‘म्हणूनच’ उडव. आठवडाभर असं केल्यावर मोजणी केली तर पंधराचे साडेतेरा झालेले असतात. चांगल्यापैकी लिहिलेल्या प्रकरणात निव्वळ वाक्यांच्या सफाईतून दहा टक्क्यांच्या आसपास शब्द निघतात, फार झालं तर पंधरा. तेहतीस टक्के त्यातून कधीच निघत नाहीत. कारण प्रकरणातले पुष्कळ शब्द मुळात कापता येण्यासारखे नसतात. त्यांत नावं, तारखा, रकमा, अवतरणं, संदर्भ असतात. वाक्यांच्या पातळीवर तुम्ही कापू शकता ते फक्त त्यांच्या मधले शब्द.

खरा धोका पुढे आहे. मधले शब्द म्हणजे नुसता भराव नसतो. ‘कारण’, ‘म्हणून’, ‘याउलट’, ‘तरीही’, ‘एवढंच असतं तर’ हे शब्द मधल्याच शब्दांत येतात आणि युक्तिवाद राहतो तो त्यांच्यात. घाईत कापणारा माणूस माहिती ठेवतो, कारण ती कष्टाने मिळवलेली असते, आणि जोडणी काढतो, कारण ती त्याला स्वतःला पाठ असते. परिणामी साडेतेरा हजारांचं प्रकरण पहिल्यापेक्षा जास्त लांब वाटतं. वाचणाऱ्याला एका तपशिलाकडून दुसऱ्याकडे का जायचं तेच कळेनासं होतं. ‘माहिती भरपूर आहे, पण म्हणायचं काय आहे?’ असा परीक्षकांचा शेरा येतो तो अशा प्रकरणावर.

म्हणून कामाची सुरुवात प्रकरण मिटवून करायची. मजकूर समोर न ठेवता, या प्रकरणात मी काय सिद्ध करते आहे किंवा करतो आहे, ते एका वाक्यात लिहायचं. विषय लिहायचा नाही, दावा लिहायचा. ‘हे प्रकरण दख्खनच्या दंग्यांची कारणं आणि परिणाम तपासतं’ हा विषय झाला. यातून काय कापावं हे कधीच ठरणार नाही, कारण कारणांत आणि परिणामांत सगळंच बसतं. आपल्या उदाहरणातला दावा समजा असा आहे: ‘1875 मध्ये शेतकऱ्यांचा रोख सावकाराच्या माणसापेक्षा त्याच्या कागदावर होता, कारण 1859 नंतर कर्जाची सगळी ताकद कागदात एकवटली होती, आणि 1879 च्या कायद्याने नेमकी त्या कागदालाच वेसण घातली.’

हे वाक्य नीट पाहिलं तर प्रकरणाला कुठल्या आधारांची गरज आहे ते त्यातच दिसतं. कागद एवढा ताकदवान का झाला, हा पहिला आधार. जमाव प्रत्यक्षात कसा वागला, हा दुसरा. आणि सरकारने दुखणं कुठलं मानलं, हा तिसरा. हे तीन उभे असतील तर दावा उभा आहे. प्रकरणातल्या उरलेल्या सगळ्या गोष्टींना आपण यांपैकी कुणाला टेकू देतो, हे सांगावं लागेल. ज्यांना सांगता येणार नाही त्या जातील, मग त्या कितीही सुरस असोत.

असं वाक्य लिहिताच येत नसेल, किंवा ‘आणि शिवाय’ घालून दोन वेगळे दावे लिहावे लागत असतील, तर दुखणं लांबीचं नाही. ती दोन प्रकरणं एकात कोंबलेली आहेत. त्यांना कात्री लावून उपयोग होत नाही. एक दावा दुसऱ्या प्रकरणात हलवावा लागतो किंवा सरळ सोडून द्यावा लागतो. हे मार्गदर्शकांशी बोलून ठरवायचं आणि तेही कापायला बसण्याआधी.

दावा लिहून झाला की प्रकरणाची छापील प्रत काढायची आणि प्रत्येक परिच्छेदाच्या समासात चार-पाच शब्दांत लिहायचं: हा परिच्छेद काय काम करतो? ‘विंगेटबद्दल’ अशी नोंद चालणार नाही. ‘सारा रोख भरायचा म्हणून कर्ज लागे हे दाखवतो’ अशी हवी. पंधरा हजार शब्दांच्या प्रकरणात साठ-सत्तर परिच्छेद असतात, म्हणजे हे दीड-दोन दिवसांचं काम आहे. ते टाळावंसं वाटतं, पण पुढचे सगळे निर्णय याच नोंदींवर होतात. ज्या परिच्छेदाची नोंद ‘बद्दल’ या शब्दावरच अडते, त्याच्याकडे काम नाही. ज्या दोन परिच्छेदांच्या नोंदी सारख्याच निघतात, त्यांतला एक जादा आहे.

आता आपल्या प्रकरणाचा हिशेब मांडू. प्रस्तावना 1,400 शब्दांची. रयतवारी आणि जमीनमोजणीची पार्श्वभूमी 2,600. अमेरिकेतल्या यादवीच्या काळातली कापसाची तेजी आणि नंतरची मंदी 2,200. आधीच्या इतिहासकारांचा आढावा 2,300. करडे ते सुपे अशी बहिष्काराची आणि दंग्यांची हकिगत 2,700. रोखे, हुकूमनामे आणि कोर्टं यांवर 2,400. चौकशी आयोग आणि 1879 चा कायदा 900. समारोप 500. एकूण बरोबर 15,000.

हे आकडे दाव्याशेजारी ठेवले की प्रकरण का फुगलं ते स्वच्छ दिसतं. पहिल्या चार भागांत 8,500 शब्द गेलेत आणि तोवर एकही दावा सिद्ध झालेला नाही. ज्या तीन आधारांवर प्रकरण उभं आहे त्यांना मिळून 6,000 शब्द मिळालेत आणि तिसऱ्याला तर जेमतेम 900. बहुतेक लांबलेल्या प्रकरणांची घडण अशीच असते. संशोधक ज्या क्रमाने शिकला त्या क्रमाने लिहितो. आधी त्याने जमीनमहसूल वाचला, मग कापूस, मग इतिहासकार, मग दप्तरखाना. म्हणून आधीच्या गोष्टींना जागा जास्त मिळते आणि शेवटच्या, खऱ्या शोधाकडे पोचेपर्यंत दम संपतो.

म्हणून सरसकट प्रत्येक भागातून एक तृतीयांश काढणं हा चुकीचा न्याय आहे. काही भाग अर्ध्याहून कमी व्हायला हवेत आणि एखाद-दुसरा वाढायला हवा. आपल्या प्रकरणात वाटणी अशी करता येईल: प्रस्तावना 900, पार्श्वभूमी 900, कापूस 1,000, आढावा 1,100, हकिगत 1,900, रोखे आणि कोर्ट 2,500, आयोग आणि कायदा 1,200, समारोप 500. बेरीज 10,000. यात दोन भाग वाढले आहेत. कापायला बसलेल्या माणसाला हे पटायला जड जातं, पण आधाराचा भाग दुबळा ठेवून बाकीचं कितीही नेटकं केलं तरी युक्तिवाद हरवतोच.

पार्श्वभूमीचे 2,600 शब्द 900 कसे होतात? या भागात 1830 च्या दशकातली इंदापूरची मोजणी आहे, गोल्डस्मिड आणि विंगेट आहेत, जमिनीची प्रतवारी आहे, 1860 च्या दशकातली साऱ्याची फेरआकारणी आहे. हा इतिहास महत्त्वाचाच आहे. पण परीक्षकाला तो माहीत आहे आणि दाव्याला त्यातल्या दोनच गोष्टी लागतात: सारा रोख रकमेत भरावा लागे आणि फेरआकारणीने तो वाढला, म्हणून सावकाराकडे जाणं टळत नसे. प्रतवारी कशी ठरत होती हे चार पानांत सांगितलं, नाही सांगितलं, तरी रोख्यांच्या भागातलं एकही वाक्य बदलत नाही. कसोटी हीच: हा मजकूर काढला तर पुढचं कुठलं वाक्य अडतं? काहीच अडत नसेल तर तो जाऊ द्यावा.

ही कसोटी आळसाने लावली तर मात्र घात होतो. समजा, 1859 च्या मुदतीच्या कायद्याचा एक छोटा परिच्छेद याच पार्श्वभूमीच्या भागात, प्रतवारी आणि फेरआकारणीच्या मध्ये बसलेला आहे. कालक्रमाने त्याची जागा तीच आहे. पूर्ण भाग एका फटक्यात उडवला तर तोही जातो. मग चार भागांनंतर वाचणारा रोख्यांकडे येतो, तिथे शेतकरी दर तीन वर्षांनी नवा रोखा का लिहून देतात याचं कारणच सापडत नाही आणि प्रकरणाचा पहिला आधार खचतो. लिहिणाऱ्याला हे जाणवत नाही, कारण त्याच्या डोक्यात तो परिच्छेद अजून आहे. म्हणून भाग काढण्याआधी समासातल्या नोंदी वाचून, त्यातलं पुढे लागणारं काय आहे ते उचलून योग्य जागी नेऊन ठेवायचं आणि मगच उरलेलं पुसायचं. मुदतीच्या कायद्याचा परिच्छेद इथून उठून रोख्यांच्या भागाच्या सुरुवातीला जाईल. तो भाग शंभर शब्दांनी वाढलेला दिसतो तो यामुळेच.

इतिहासकारांच्या आढाव्याची गोष्ट वेगळी आहे. तो सहसा एकामागून एक माणसं घेऊन लिहिलेला असतो. रविंदर कुमार यांचं 1968 चं ‘वेस्टर्न इंडिया इन द नाइन्टीन्थ सेंच्युरी’, मग कॅटनाक यांचं 1970 चं ग्रामीण पतव्यवस्थेवरचं पुस्तक, मग नील चार्ल्सवर्थ यांचा 1972 चा लेख, अशी रांग लागते आणि प्रत्येकाचा सारांश येतो. सारांश परीक्षकाला नको असतात, ती पुस्तकं त्याने वाचलेली असतात. त्याला हवं असतं ते त्यांच्यातलं भांडण आणि त्यात तुमची जागा. इथे प्रश्न एकच आहे: दंगे हे दख्खनच्या समाजातल्या खोल बदलाचं लक्षण होते, की इतिहासकारांनीच त्यांना नको तेवढं मोठं केलं? इंग्रजी महसूलव्यवस्थेने आणि कायद्याने कुणबी आणि वाणी यांच्यातलं जुनं नातं मोडलं, असं कुमार म्हणतात. दंग्यांचा आवाका लहान होता आणि त्यांचं महत्त्व फुगवलं गेलं, असं चार्ल्सवर्थ म्हणतात. आढावा या प्रश्नाभोवती बांधला की 2,300 चे 1,100 व्हायला फार कष्ट पडत नाहीत. बाकीची नावं एकेका वाक्यात किंवा तळटीपेत मावतात.

इथे एक मोह आवरायला हवा. शब्द कमी करायचेत म्हटल्यावर विरोधी मत सर्वांत आधी जातं, कारण ते आपल्या बाजूचं नसतं. चार्ल्सवर्थ काढला तर तीनशे शब्द सहज वाचतात. पण दंगे मुळात किरकोळ होते हे खरं असेल, तर जमावाच्या वागण्यावरून एवढा मोठा निष्कर्ष तुम्ही कसा काढता, हा प्रश्न कुठलाही जाणता परीक्षक विचारणारच. त्याला प्रकरणात उत्तर नसेल तर ते व्हायव्हात द्यावं लागेल. उलट, हे मत ठेवलं तर त्यातूनच दावा धारदार होतो. हिंसा कमी होती हे मान्य करायचं आणि विचारायचं की ती कमी का होती. चौकशी आयोगाचं निरीक्षणच असं होतं की जमावाला रोखे आणि हुकूमनामे मिळवून ते नष्ट करायचे होते. कागद मुकाट्याने हाती पडले तिथे सहसा पुढे काही घडलं नाही. कमी हिंसा हा या दाव्याचाच पुरावा ठरतो. कापताना एखादं विरोधी मत काढावंसं वाटलं तर ते आपल्या कुठल्या आधाराला धडकतं हे आधी तपासावं. धडकत असेल तर ते ठेवणं भाग आहे.

हकिगतीच्या भागात अडचण प्रेमाची असते. शिरूर तालुक्यातल्या करडे गावात सावकारांवर बहिष्कार पडला. त्यांची शेती कसायची नाही, त्यांचं पाणी भरायचं नाही, त्यांची हजामत करायची नाही, असं गावाने ठरवलं. मग सुप्याचा बाजार, मग एकेक गाव. दप्तरातून प्रत्येक गावाचा कागद शोधून काढलेला असतो आणि प्रत्येक गावाला एक परिच्छेद मिळालेला असतो. पण नोंदी पाहिल्या तर नऊ परिच्छेदांच्या समासात एकच गोष्ट लिहिलेली निघते: ‘जमाव जमला, रोखे मागितले, जाळले.’ एका दाव्याला नऊ सारखे पुरावे दिले म्हणून तो नऊपट बळकट होत नाही. करडे ठेवावं, कारण तिथे बहिष्कार आहे, दंगा नाही. सुपे ठेवावं, कारण सुरुवात तिथून झाली आणि तिथे लूट आणि जाळपोळही झाली, म्हणजे ते दाव्याला थोडं आडवं जाणारं उदाहरण आहे. कागद मिळाल्यावर जमाव शांतपणे परतला असं एक गाव सविस्तर ठेवावं. बाकीची गावं एका परिच्छेदात, नावं आणि संदर्भांसह. पुराव्याचा विस्तार किती आहे हे त्यातून कळतं आणि शब्द दीडशेच्या आत राहतात.

एवढं झाल्यावर प्रकरण साधारण अकरा हजारांवर येतं. वाक्यांकडे वळायची वेळ ही. उरलेली वाक्यं राहणार आहेत हे नक्की झाल्यामुळे त्यांवर घालवलेला वेळ आता फुकट जात नाही. मराठी प्रबंधांत या टप्प्यावर बरंच हाती लागतं. मुदतीच्या कायद्याचा तोच परिच्छेद मूळ मसुद्यात असा होता असं धरू:

‘एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील दख्खनमधील ग्रामीण पतव्यवस्थेचा अभ्यास करीत असताना एक बाब प्रकर्षाने लक्षात घेणे आवश्यक ठरते आणि ती म्हणजे 1859 साली सरकारकडून मुदतीचा कायदा लागू करण्यात आला. या कायद्यान्वये कर्जरोख्याची वैधता केवळ तीन वर्षांपुरतीच मर्यादित ठेवण्यात आली होती. व्याज वर्षानुवर्षे साचत जाऊ नये, असा या कायद्यामागील मूळ उद्देश असल्याचे दिसून येते. परंतु प्रत्यक्षात मात्र याचा परिणाम अगदी उलट स्वरूपाचा झाल्याचे आढळते. सावकारांकडून दर तीन वर्षांनी नवीन रोखा लिहून घेण्यात येऊ लागला आणि त्या नवीन रोख्यामध्ये थकलेल्या व्याजाचा समावेश मुद्दलामध्ये करण्यात येऊ लागला.’

हे 82 शब्द झाले. घाईत कापणारा त्याचं असं करेल: ‘1859 च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याची वैधता तीन वर्षांवर आणली. सावकार दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घेऊ लागले.’ अवघे 18 शब्द, आणि एकही चुकीचा नाही. पण कायदा कशासाठी होता ते गेलं, परिणाम उलटा झाला ते गेलं, आणि व्याज मुद्दलात चढत गेलं हे तर पूर्णच गेलं. शेतकरी कागदावर का चिडले याचं उत्तर त्या शेवटच्या गोष्टीत होतं.

आता हे पाहा: ‘व्याज वर्षानुवर्षे साचू नये म्हणून 1859 च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याची वैधता तीन वर्षांवर आणली. परिणाम उलट झाला. सावकार दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घेऊ लागले आणि थकलेले व्याज त्यात मुद्दल म्हणून चढू लागले.’ हे 34 शब्द आहेत. ‘म्हणून’ आणि ‘उलट’ जागेवर आहेत, व्याजाची युक्ती आहे. गेलं काय, तर ‘लक्षात घेणे आवश्यक ठरते’, ‘दिसून येते’, ‘स्वरूपाचा’, ‘करण्यात आला’. कोण करतं आहे ते लपवणारी ‘करण्यात येणे’ची रचना सोडून कर्ता पुढे आणला की वाक्य आपोआप आखडतं आणि इतिहासात तर कोणी केलं हे कळणं गरजेचंच असतं. सगळे परिच्छेद इतके सैल नसतात, त्यामुळे प्रकरणभर एवढी बचत होईल असं समजू नये. अकरा हजारांतले शेवटचे हजार शब्द मात्र असेच निघतात.

अवतरणांकडेही याच वेळी पाहावं. आयोगाच्या अहवालातला दीडशे शब्दांचा उतारा दिलेला असतो आणि खाली विश्लेषण त्यातल्या एका वाक्यांशाचंच असतं. तेवढाच वाक्यांश ठेवावा, बाकीचा मतितार्थ आपल्या शब्दांत एका ओळीत द्यावा. मात्र मूळ उताऱ्यातली एखादी अट किंवा ‘सहसा’सारखा शब्द गाळून त्याला आपल्याला हवा तेवढा ठाम करू नये. आयोगाने ‘सहसा’ म्हटलं होतं, ‘नेहमी’ नाही.

तळटीपांचा आडोसा घेणारेही पुष्कळ आहेत. मजकुरातून काढलेलं सगळं खाली ढकललं की वरचा आकडा छान दिसतो. आधी आपल्या विद्यापीठाचा नियम वाचावा, कारण काही ठिकाणी तळटीपा मोजतात, काही ठिकाणी नाहीत. परिशिष्टं आणि संदर्भसूचीचंही तसंच. वर्डमध्ये `Review` खाली `Word Count` उघडल्यावर `Include textboxes, footnotes and endnotes` असा एक चौकोन दिसतो. त्यावर खूण आहे की नाही यावर एखाद्या इतिहासाच्या प्रकरणाचा आकडा हजार-दीड हजारांनी बदलू शकतो. आणि नियमाने तळटीपा मोजत नसले तरी परीक्षक त्या वाचतो. अर्ध्या पानाच्या तळटीपेत दडवलेला वाद मजकुरातच असायला हवा होता किंवा कुठेच नको होता.

प्रस्तावना आणि समारोप सर्वांत शेवटी, नव्याने लिहावेत. जुनी प्रस्तावना कापून चालत नाही, कारण ती आता नसलेल्या प्रकरणाची आश्वासनं देत असते. ‘या प्रकरणात प्रथम जमिनीच्या प्रतवारीचा विचार केला आहे’ असं ती म्हणते आणि प्रतवारी तर निघून गेलेली असते. मजकुरातही असे अनाथ दुवे राहतात. ‘वर पाहिल्याप्रमाणे’, ‘आधी नमूद केलेला’, ‘पुढे येणार आहे’ हे शब्द फाइलमध्ये शोधून प्रत्येक ठिकाणी तो मजकूर खरंच वर किंवा पुढे आहे का ते पाहावं. एखाद्या माणसाचं पूर्ण नाव आणि ओळख काढलेल्या भागात होती आणि आता तो थेट आडनावाने अवतरतो, हेही हमखास घडतं. संदर्भांची ‘उपरोक्त’ साखळी तर तुटतेच. ती यंत्रावर न सोडता डोळ्यांनी तपासावी.

युक्तिवाद टिकला की नाही हे ओळखायला दोन उपाय भरवशाचे आहेत. एक, प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं वाक्य उतरवून घ्यावं आणि ती यादी सलग वाचावी. रोख सारा, कर्ज, तीन वर्षांची मुदत, व्याजाचं मुद्दल, कोर्टाचा कागदावर विश्वास, जमावाची कागदाची मागणी, 1879 च्या कायद्यातली गावच्या नोंदणीदारासमोर रोखे करण्याची अट आणि रोख्यामागचा व्यवहार तपासायचा कोर्टाला मिळालेला अधिकार, अशी वाट त्यातून दिसायला हवी. कुठे उडी मारावी लागली तर तिथे कापताना जोडणी गेली आहे. दुसरा, विषयाबाहेरच्या एखाद्या जाणत्या माणसाला प्रकरण वाचायला द्यावं आणि वाचून झाल्यावर त्यातलं म्हणणं दोन वाक्यांत सांगायला लावावं. त्याचं सांगणं तुम्ही पहिल्या दिवशी लिहिलेल्या दाव्याशी जुळलं तर काम झालं. तो ‘दख्खनच्या दंग्यांविषयी आहे’ म्हणाला तर नाही झालं, मग आकडा 9,990 का असेना.

काढलेला मजकूर वेगळ्या फाइलमध्ये, भागवार मथळे देऊन ठेवावा. कापण्याचं धैर्य त्यामुळे वाढतं, हा एक फायदा. शिवाय गावोगावच्या कागदांवरून एखादा स्वतंत्र लेख होऊ शकतो. तिथे त्या नऊ गावांना प्रत्येकी एक परिच्छेद मिळाला तर कुणाची हरकत नसते.

आणि हे सगळं करूनही प्रकरण 10,400 वर अडलं, तीनही आधार उभे आहेत आणि एकही परिच्छेद रिकामा नाही, तर ते चारशे शब्द ओढून काढू नका. विद्यापीठाची मर्यादा बहुधा पूर्ण प्रबंधाला असते, प्रकरणांतली वाटणी आपण केलेली असते. दुसऱ्या प्रकरणातून चारशे शब्द मागून घ्या. पण मार्गदर्शकांना विचारून घ्या, आणि सादर करायच्या आठवड्यात नव्हे, निदान महिनाभर आधी.